प्रकल्प नोंदी : ३०२ च्या बाथरूमची गळती, एका ओळीचं कोटेशन आणि त्याला दिलेलं उत्तर

ठिकाण : ठाणे पश्चिम, चार मजली जुनी सोसायटी. ३०२ च्या बाथरूममधून २०२ च्या बाथरूमच्या छतात ओल. नोंदी सोसायटीच्या दुरुस्ती समितीच्या.

९ फेब्रुवारी २०२६

कंत्राटदाराचं कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं. मजकूर एवढाच : "३०२ बाथरूम वॉटरप्रूफिंग व टाइल्स काम, मटेरियल व मजुरीसह, लमसम ₹९२,०००. ॲडव्हान्स ५० टक्के. जीएसटी एक्स्ट्रा. गॅरंटी १० वर्षे."

रक्कम जास्त आहे की कमी, हे आज कुणालाच सांगता येणार नाही, कारण ती कशाची आहे तेच लिहिलेलं नाही. "बाथरूम वॉटरप्रूफिंग" या दोन शब्दांत फरशी उखडून तिच्याखालच्या भराव घातलेल्या खोलगट भागाच्या, म्हणजे संकनच्या, तळापर्यंत जाणारं काम बसतं, आणि जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवून सांधे भरण्याचं कामही बसतं. दुसऱ्या प्रकारात खालच्या भिजलेल्या भरावाचं पाणी तिथेच अडकून पडतं आणि पुढच्या काही महिन्यांत पुन्हा २०२ च्या छतात उतरतं. एकच आकडा दोन्ही कामांवर चिकटवता येतो, म्हणून आधी फोड मागायची आणि मगच भावाबद्दल बोलायचं, असं ठरलं.

दोन चाचण्या आधी करून घेतल्या, कारण त्यांच्यावर फोडीतली कलमं ठरतात. ३०२ च्या बाथरूमचा वरच्या टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवला, तरी २०२ मधली ओल तशीच होती. म्हणजे दाबाखालची पाण्याची लाइन हे मुख्य कारण नसावं. नंतर नहाणीच्या, म्हणजे फरशीतलं पाणी वाहून जातं त्या भोकाच्या, तोंडाला बोळा लावून फरशीवर रंगीत पाणी साठवलं. खाली रंग दिसायला बराच वेळ लागला, पण दिसला तो नहाणीच्या बाजूच्या कोपऱ्यातच. दोष संकनमध्ये आहे, आणि नहाणीचा पाइप भिंतीतून डक्टमध्ये जातो त्या सांध्याजवळ असण्याची शक्यता जास्त.

१० फेब्रुवारी

उत्तर लिहिण्याआधी स्वतःची मापं काढली. समोरच्याची फोड आली की ती कशाशी ताडायची, हे आपल्या हातात असायला हवं.

बाथरूम आतून ७ फूट बाय ४ फूट, म्हणजे फरशी २८ चौरस फूट. संकन साधारण ९ इंच खोल. भराव झाला २१ घनफूट, वर जुन्या फरशीचा आणि तिच्याखालच्या मालाचा थर दोन इंच धरला तर आणखी पाच घनफूट. तोडल्यावर माल फुगतो. दीडपटीच्या थोडं खाली धरलं तरी ३६ घनफूट सुटा माल होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत मजूर उचलू शकेल इतकं डेब्रिज म्हणजे जवळपास एक घनफूट. तेव्हा नुसत्या जमिनीच्या ३५ ते ४० गोण्या निघाल्या पाहिजेत. भिंतींच्या टाइल्स वेगळ्या. हा आकडा लक्षात ठेवण्याचं कारण पुढे उत्तरात आहे.

भिंतींचा घेर २२ फूट, दार अडीच फुटांचं. कोटिंगचं क्षेत्र असं : तळ २८, संकनच्या बाजू २२ गुणिले पाऊण फूट म्हणजे साडेसोळा, आणि नव्या फरशीच्या वर एक फूट भिंतीवर, दार वगळून, साडेएकोणीस. एकूण ६४ चौरस फूट, म्हणजे जवळपास ६ चौरस मीटर. इथे बहुतेक कोटेशनं फसवी होतात, कारण "बाथरूम २८ चौरस फूट" एवढंच धरलं तर निम्म्याहून जास्त क्षेत्र हिशेबाबाहेर राहतं, आणि पाणी नेमकं कोपऱ्यातून आणि बाजूंतूनच जातं.

भिंतींच्या टाइल्स सात फुटांपर्यंत १३६ चौरस फूट, फरशीसह १६५ च्या आत. कापाकापी आणि तूट धरून १८० चौरस फूट पुरेत.

११ फेब्रुवारी

उत्तर पाठवलं. तोंडी न सांगता लेखी पाठवलं, आणि भाव कमी करा हे वाक्य त्यात मुद्दाम घातलं नाही. पहिल्याच उत्तरात घासाघीस सुरू केली की कंत्राटदार आकडा उतरवतो आणि कुठलं तरी कलम गुपचूप गाळतो. मजकूर जसाच्या तसा :

"नमस्कार. आपलं ९ तारखेचं कोटेशन मिळालं. काम आपल्याकडून करून घेण्याची तयारी आहे. समितीपुढे आणि दोन्ही सभासदांपुढे ठेवण्यासाठी खालील फोड लेखी हवी आहे. प्रत्येक कलमापुढे माप, दर आणि रक्कम लिहावी; साहित्य आणि मजुरी वेगळी दाखवता आली तर उत्तम.

तोडकाम : फरशी आणि भराव संकनच्या स्लॅबपर्यंत काढणार का? भिंतींच्या टाइल्स किती उंचीपर्यंत? डेब्रिज गोणीत भरून खाली उतरवणं आणि गाडीने बाहेर नेणं यात आहे का? काढलेला भराव परत वापरायचा नाही, हे कलमात लिहावं.

प्लंबिंग : नहाणी नवी की जुनीच? नहाणीपासून डक्टमधल्या उभ्या पाइपपर्यंतचा तुकडा बदलणार का? थंड-गरम पाण्याची लाइन कुठल्या पाइपची, किती फूट? प्लास्टर करण्याआधी हातपंपाने दाब देऊन दाखवणार का?

वॉटरप्रूफिंग : कुठला माल, किती कोट, किती चौरस फुटांवर, भिंतीवर किती उंच? एकूण किती किलो माल लागेल? कोपऱ्यात मालाची गोलाई म्हणजे वाटा, आणि जाळी आहे का? दाराच्या उंबरठ्याखाली कोटिंग जाणार का?

पाणी साठवून चाचणी : कोटिंगनंतर आणि संकन विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरण्याआधी ४८ तास पाणी ठेवायचं आहे. ही चाचणी आपल्या वेळापत्रकात आहे का? गळती दिसली तर पुन्हा कोट देण्याचा खर्च कोणाचा?

कोबा व टाइल्स : कोब्याची जाडी, सिमेंट-वाळूचं प्रमाण, नहाणीकडे उतार किती? टाइलचा माल आपला की आमचा? आपला असेल तर चौरस फुटाला किती रुपयांचा धरला आहे?

जीएसटी : आपला जीएसटी क्रमांक कळवावा. नोंदणी नसेल तर 'जीएसटी एक्स्ट्रा' ही ओळ काढावी.

गॅरंटी : दहा वर्षांत गळती झाल्यास तोडणं, कोटिंग आणि टाइल्स, यातलं काय आपण विनाखर्च करून देणार, ते लिहावं.

तारीख : काम सुरू करण्याची नक्की तारीख आणि एकूण दिवस हवेत. सुरुवातीची तारीख म्हणजे तोडकामाचा पहिला दिवस. साहित्य आणून टाकण्याचा नव्हे. तोडफोडीला सोसायटीत सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६ एवढीच परवानगी आहे, रविवारी नाही. दिवस धरताना हे लक्षात घ्यावं.

फोड १६ फेब्रुवारीपर्यंत मिळाली तर त्याच आठवड्यात निर्णय कळवू."

काही वाक्यांमागची कारणं इथे नोंदवून ठेवतो. जुना भराव परत वापरायचा नाही हे लिहून घ्यावंच लागतं, कारण गोण्या खाली नेणं हे या कामातलं सगळ्यात कष्टाचं आणि महागाचं अंग आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तर तोच भिजका, क्षार धरलेला चुरा पुन्हा आत ढकलण्याचा मोह होतो. वरून टाइल बसली की काही कळत नाही. गोण्यांचा अंदाज आधी काढला असेल तर खाली उतरलेल्या गोण्या मोजून हे ताडता येतं.

किती किलो माल लागेल हा प्रश्न चौरस फुटांपेक्षाही उपयोगी. दोन घटकांच्या सिमेंट-पॉलिमर कोटिंगच्या पॅकवर दर चौरस मीटरला किती किलो लागतात ते छापलेलं असतं. ज्या मालाला दोन कोटांत चौरस मीटरला ३ किलो लागतात, त्याला आपल्या ६ चौरस मीटरसाठी १८ किलो हवेत. सिद्ध झालेल्या कोटिंगची जाडी डोळ्यांनी मोजता येत नाही. रिकामे पॅक मात्र मोजता येतात.

१२ फेब्रुवारी

कंत्राटदाराचा फोन. म्हणाले, "साहेब, एवढं कोण विचारतं? लमसममध्ये सगळं आलंच. तुमचं काम होण्याशी मतलब." त्यांना सांगितलं की शंका त्यांच्यावर नाही, खर्च ३०२ चा असला तरी छत २०२ चं आहे, आणि आदर्श उपविधींप्रमाणे बाथरूम-संडासाच्या गळतीचा खर्च संबंधित सभासदाने करायचा असतो, सोसायटीने मध्यस्थी करायची असते. पैसे देणाऱ्याला लेखी हिशेब दाखवल्याशिवाय मध्यस्थी होत नाही. हे त्यांना पटलं. मुकादमाला माप घ्यायला पाठवतो म्हणाले. फोनवर कुठलाही आकडा ठरवला नाही.

१५ फेब्रुवारी

फोड आली :

तोडकाम व डेब्रिज ₹१४,०००
प्लंबिंग ₹२०,०००
कोटिंग, ३० चौ. फूट × ₹४०० = ₹१२,०००
कोबा ₹१०,०००
टाइल्स बसवणे, सिमेंट-वाळू-मजुरीसह ₹२२,०००
टाइल्स माल, २०० चौ. फूट × ₹७० = ₹१४,०००

बेरीज बरोबर ९२,०००. कोटिंगच्या कलमाखाली लिहिलं आहे : "१५ किलोचा एक पॅक, दोन कोट." जीएसटीची ओळ काढली, त्यांची नोंदणी नाही. नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही, आणि असेल तर महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होणारा १५ अक्षरांचा असतो, एवढं पाहिलं तरी हा प्रश्न मिटतो. आरंभाची तारीख : "होळीनंतर." चाचणीबद्दल आणि नहाणीबद्दल काही नाही.

फोड वाचताना सगळ्यात आधी कोटिंगवर बोट ठेवलं. ३० चौरस फूट म्हणजे फक्त तळ. बाजू आणि भिंतीवरचा एक फूट मोजलेलाच नाही. कामगार बाजूंना ब्रश फिरवतीलच, पण तो याच १५ किलोतून. १५ किलोत जेमतेम ५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४ चौरस फूट होतात. उरलेल्या १० चौरस फुटांसाठी माल पुरवायचा तर त्यात जास्तीचं सिमेंट किंवा पाणी घालतात. अशा कोटिंगची लवचिकता जाते, आणि स्लॅब जरा हलला की कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते. दर ४०० दिसतो म्हणून महाग वाटतो. खरं दुखणं दरात नसून मापात आहे.

दुसरं नहाणीचं. प्लंबिंगचे २०,००० रुपये सगळे थंड-गरम पाण्याच्या नव्या लाइनचे आहेत. आपल्या रंगाच्या चाचणीने बोट दाखवलं ते नहाणीच्या कोपऱ्याकडे, आणि तीच फोडीत नाही. जुनी नहाणी ठेवून तिच्याभोवती कितीही चांगलं कोटिंग केलं तरी भिंतीतला जुना सांधा तसाच गळत राहील. असं झालं की काम फसल्याचा दोष कोटिंगवर येतो आणि पुन्हा सगळी फरशी उखडावी लागते.

कोब्याच्या रकमेत खोट दिसली नाही. २१ घनफूट कोब्याला साधारण २०० विटांचे तुकडे आणि एकास पाच मालाने सिमेंटच्या दोनेक गोण्या लागतात. संरक्षक थराचा माल आणि मजुरी धरून १०,००० ठीक आहेत.

टाइल्सचा माल २०० चौरस फूट धरला आहे, आपलं माप १८०.

१७ फेब्रुवारी

दुसरं उत्तर, आटोपशीर :

"फोड मिळाली, धन्यवाद. तोडकाम, कोबा आणि टाइल बसवणं मान्य. तीन दुरुस्त्या हव्यात. कोटिंगचं क्षेत्र ६४ चौरस फूट धरून सुधारित रक्कम द्यावी. किमान २० किलो माल सीलबंद पॅकमध्ये जागेवर यावा आणि आमच्यासमोर उघडावा. नवी पीव्हीसी नहाणी आणि उभ्या पाइपपर्यंतचा नवा तुकडा जोडावा, त्याची रक्कम वेगळी दाखवावी. टाइल्स आम्ही आणून देतो. ते कलम वगळावं.

याखेरीज एक दर आताच ठरवून हवा. भराव काढल्यावर स्लॅबची सळई उघडी किंवा गंजलेली निघाली तर ती घासून गंजरोधक लावणं आणि पॉलिमर मॉर्टरने भरणं, चौरस फुटाला किती? काम निघालं तरच तो दर लागू होईल.

आणि 'होळीनंतर' याऐवजी तारीख द्यावी."

गंजाचा दर आधी मागण्याला कारण आहे. भराव निघाल्यावर खड्ड्यात उभं राहून भाव ठरवायची वेळ आली, तर घरमालकाचा हात दगडाखाली असतो. बाथरूम उखडलेलं, काम थांबवता येत नाही. आज काहीच उखडलेलं नाही, तेव्हा दोन्ही बाजू मोकळेपणी बोलू शकतात.

१९ फेब्रुवारी

सुधारित आकडे आले. कोटिंग १६,०००, नहाणी आणि तुकडा १,८००, टाइल्सचं कलम बाहेर. एकूण ८३,८००. आपल्या टाइल्स १८० चौरस फूट, ७० रुपये दराने १२,६००. म्हणजे ३०२ चा खर्च ९६,४०० झाला, मूळ लमसमपेक्षा ४,४०० ने जास्त. ३०२ च्या काकांनी विचारलं, की फोड मागून महागच पडलं का? त्यांना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. ९२,००० त दोन गोष्टी नव्हत्याच : निम्म्याहून जास्त कोटिंग आणि नहाणी. त्यांनी मान्य केलं.

तारखेवर फोनवर बोलणं झालं. कारागीर होळीला गावी जातात आणि कोण कधी परतेल हे मुकादमालाही ठाऊक नसतं, म्हणून होळीला लागून तारीख घेण्यात अर्थ नाही. १६ मार्च, सोमवार, नक्की केला. त्याच आठवड्यात १९ ला पाडवा आहे, तो दिवस सुट्टीचा धरला. त्यांनी एकूण दहा दिवस सांगितले होते. त्यात चाचणी आणि कोब्याची पाणी मारण्याची मुदत बसत नाही, तेव्हा दिवस असे मांडले : १६-१७ तोडकाम, १८ आणि २० प्लंबिंग व दाबाची चाचणी, २१ स्लॅब धुऊन वाटा, २३ आणि २४ एकेक कोट, २७ च्या सकाळपर्यंत सुकणं, तिथून २९ च्या सकाळपर्यंत पाणी, ३०-३१ संरक्षक थर आणि कोबा, ६ एप्रिलपर्यंत कोब्यावर पाणी, मग टाइल्स आणि सांधे, १३ एप्रिलला ताबा. दहा दिवसांत हे उरकायचं तर कोबा ओला असतानाच टाइल बसते आणि पुढे पोकळ वाजते.

२१ फेब्रुवारी

अंतिम कागद दोन्ही बाजूंनी सही करून झाला. काही अटी बोलून ठरल्या त्या इथे.

पैसे : ५० टक्के ॲडव्हान्सऐवजी त्यांनी २५ मान्य केले, आम्ही २० म्हटलं होतं. पुढचे ३० टक्के पाण्याची चाचणी पास झाल्यावर, ३० टाइल्स झाल्यावर, आणि १५ टक्के वापर सुरू होऊन एक महिना झाल्यावर २०२ चं छत पाहून. सगळ्यात महत्त्वाचं थांबणं चाचणीपाशी ठेवलं आहे, कारण त्यानंतर दोष झाकला जातो.

चाचणी : नहाणीला बोळा, चार इंच पाणी, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण, तारीख आणि वेळ. २८ चौरस फुटांवर चार इंच म्हणजे अडीचशे लिटरहून थोडं जास्त. सोसायटीच्या टाकीवर ताण नाही. ४८ तासांत वाफेने पातळी किंचित उतरते, तेवढी चालेल. २०२ मध्ये छताला सकाळ-संध्याकाळ कागद टेकवून पाहायचं. त्यासाठी २७ ते २९ मार्च २०२ चं घर उघडं मिळेल याची लेखी संमती त्या ताईंकडून आजच घेतली. खालच्या घराला कुलूप असेल तर चाचणी निरर्थक ठरते. जुनी ओल छतात असतेच, म्हणून पाणी भरण्याआधी तिच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढायची. रेघ ओलांडली तरच नवी गळती धरायची.

कोट : पहिला आडवा, दुसरा उभा, म्हणजे ब्रशच्या रेघांमध्ये राहून गेलेली जागा झाकली जाते. वाट्यावर जाळी पहिल्या कोटात रुतवायची. उंबरठ्याची संगमरवरी पट्टी काढून कोटिंग तिच्याखाली न्यायचं. नाहीतर पॅसेजच्या भिंतीच्या पायाशी पोपडे सुटतात आणि गळती "वेगळीच" वाटते.

उतार : सात फुटांत एक इंच. फरशी दारापाशी पॅसेजपेक्षा अर्धा इंच खाली.

गॅरंटी : १० ऐवजी ५ वर्षं, पण तोडणं, कोटिंग आणि टाइल बसवणं कंत्राटदाराकडे, टाइलचा माल मालकाकडे, असं लिहून घेतलं. नुसत्या दहा वर्षांच्या शब्दापेक्षा ही पाच वर्षं जास्त कामाची.

गंजलेल्या सळईचा दर ₹३५० चौरस फूट, लागल्यास. २०२ चं छत वेगळं काम : चाचणीनंतर ते पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच प्लास्टर. त्याचं कोटेशन मे महिन्यात, तेही फोडीसकट.

१६ मार्च

ठरल्याप्रमाणे सकाळी दहाला तोडकाम सुरू. जिओ-टॅगवाले फोटो घेतले. संध्याकाळपर्यंत फरशी आणि निम्मा भराव निघाला.

१७ मार्च

संकन स्लॅबपर्यंत मोकळा. जमिनीच्या ३८ गोण्या, भिंतींच्या टाइल्सच्या वेगळ्या ठेवल्या. नहाणीचा जुना पाइप भिंतीत शिरतो तिथे सांधा सुटलेला सापडला, बोट आत जात होतं. तळाच्या दोन चौरस फुटांत सळई गंजलेली; ठरलेल्या दराने ₹७०० वाढीव, कागदावर नोंद आणि दोन्ही सह्या. गाडी संध्याकाळी सहाला आली, गोण्या गेल्या. उद्या सकाळी प्लंबर नवी नहाणी आणि तुकडा घेऊन येणार. दाबाची चाचणी २० तारखेला दुपारी, समितीतल्या एकाने हजर राहायचं.